चार दिवसांची उचकी आणि घशातली खवखव

जुलै २०२१मध्ये ब्राझीलचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जाईर बोल्सोनारो उचकीमुळे रुग्णालयात दाखल झाले. ही बातमी आपल्याकडे बहुतेकांनी गंमत म्हणूनच वाचली. दहा दिवसांहून जास्त काळ त्यांची उचकी थांबत नव्हती. तपासणीत आतड्यात अडथळा निघाला. २०१८च्या प्रचारात त्यांच्या पोटात चाकू खुपसला गेला होता, नंतर पोटाच्या अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि या अडथळ्याचा धागा तिथपर्यंत मागे जात होता. म्हणजे दुखणं पोटात आणि जगाला ऐकू येत होती उचकी.

माझ्या दवाखान्यात राष्ट्राध्यक्ष येत नाहीत, पण उचकीवाले येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "डॉक्टर, चार दिवस झाले, उचकी जात नाही. घशात खवखव पण आहे. घशामुळेच असेल ना?"

हा 'ना' मला नेहमी अडवतो. खवखव समजते, तिच्यावर गोळी मिळते, म्हणून माणूस उचकीला खवखवीच्या खात्यात टाकून मोकळा होतो. कधी ते बरोबर असतं, कधी उलटं असतं, आणि कधी दोघींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नसतो. हे कसं ओळखायचं, एवढंच इथे सांगायचं आहे.

एका उचकीत काय घडतं

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक घुमटासारखा पडदा असतो, श्वासपटल. तो खाली ओढला गेला की छातीत हवा येते. एरवी हे काम इतकं निवांत चालतं की आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. उचकीत तो पडदा आणि बरगड्यांमधले स्नायू एकदम झटका देऊन आकसतात. हवा वेगाने आत शिरू लागते, आणि साधारण ३५ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास, घशातल्या स्वरयंत्राचं दार धाडकन बंद होतं. जोराचा वारा आला की खिडकी आपटते, तसं. तो आपटण्याचा आवाज म्हणजे 'हिक्'.

आवाज घशातून येतो म्हणून दुखणंही घशात आहे असं वाटणं साहजिक आहे. पण झटका खालून सुरू होतो आणि दार वर आपटतं. आता हिशोब करा. उचकी मिनिटाला ४ पासून ६० पर्यंत येऊ शकते. आपण मिनिटाला २० धरू. तासाला १,२०० झाल्या. माणूस सोळा तास जागा असेल तर दिवसाला १९,२००. एखादं दार दिवसातून एकोणीस हजार वेळा आपटलं तर चौकट हलणारच. तेव्हा तीन-चार दिवस उचकी चाललेल्या माणसाचा घसा खवखवत असेल, आवाज बसला असेल, तर पहिला प्रश्न असा: खवखव आधी आली की उचकी? बहुतेकांना हे आठवावं लागतं, आणि आठवायला बसले की निम्म्यांचं उत्तर बदलतं.

चाळीतली बेल

उचकी ही एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. गरम तव्याला हात लागला की विचार न करता मागे येतो, त्या जातीची. तिची वायरिंग समजली की पुढचं सगळं सोपं होतं.

जुन्या चाळीत एक सामाईक बेल आहे असं समजा. तिची बटणं मात्र अनेक ठिकाणी आहेत: जिन्याखाली, गच्चीवर, मागच्या दारी, प्रत्येक मजल्यावर. कुठलंही बटण दाबलं तरी वाजते तीच बेल, आणि आवाजही तोच. बेल ऐकून कोण दाबतंय ते कळत नाही.

शरीरातली ही मुख्य वायर म्हणजे व्हेगस नस. मेंदूच्या देठातून, म्हणजे मानेच्या वर मेंदू जिथे मज्जारज्जूला जोडला जातो तिथून, ती निघते आणि कान, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, हृदय, फुप्फुसं करत पोटापर्यंत जाते. श्वासपटलाला जाणारी दुसरी एक नस मानेतून निघते आणि छातीतून खाली उतरते. या नसांवर कुठेही टोचणी लागली की संदेश देठापर्यंत जातो, तिथून उलट हुकूम सुटतो आणि पडदा झटका देतो.

यात बिघाड चार प्रकारे होतो. बटण अडकून बसतं, म्हणजे घसा, पोट, यकृत अशा एखाद्या अवयवात टोचणी असते. वायर वाटेत कुठेतरी दाबली जाते. मानेतली किंवा छातीतली गाठ हे तिचं उदाहरण. बेलची पेटीच बिघडते, म्हणजे मेंदूच्या देठात काहीतरी झालेलं असतं. किंवा घराचं व्होल्टेजच वरखाली होतं आणि बेल आपोआप वाजू लागते. मूत्रपिंडं थकून रक्तात युरिया साठणं, सोडियम घसरणं, काही औषधं, या सगळ्याचा खेळ असा असतो.

आपल्याकडे 'घशामुळेच असेल ना' म्हणणारा माणूस चारांतल्या पहिल्या प्रकारातल्या एकाच बटणाकडे बोट दाखवत असतो.

खवखव खरंच कारण असते तेव्हा

ते बटण खोटं नाही. घशाला सूज असेल, टॉन्सिल्स लाल असतील, स्वरयंत्राला संसर्ग झाला असेल, तर तिथल्या व्हेगसच्या फांद्या चिडतात आणि उचकी लागू शकते. गळ्यातली थायरॉइडची गाठ वाढली असेल तरी असं होतं. पण घशापेक्षा दोन ठिकाणं मला जास्त वेळा सापडतात, आणि दोन्ही रुग्णाच्या डोक्यात नसतात.

पहिलं ठिकाण कान. कान कोरताना तुम्हाला कधी अचानक ठसका लागला आहे का? काहींना लागतो. कारण कानाच्या नळीला व्हेगसची एक छोटी फांदी जाते आणि मेंदूला कधीकधी कान आणि घसा यांतला फरक नीट कळत नाही. टोचणी कानात असते, गुदगुली घशात जाणवते. कानातला केस पडद्याला टेकलेला, वाळलेला मळ पडद्यावर घट्ट बसलेला, क्वचित एखादा किडा, एवढ्यावरून दिवसच्या दिवस उचकी चालल्याची उदाहरणं वैद्यकीय पुस्तकांत आहेत. अशा वेळी उपचार म्हणजे केस काढणं, बस्स. म्हणून उचकीच्या रुग्णाच्या कानात बॅटरी घालून पाहणं हे दोन मिनिटांचं काम मी सोडत नाही. रुग्ण मात्र दर वेळी चकित होतो: "उचकी आहे डॉक्टर, कान कशाला?"

दुसरं ठिकाण अन्ननलिका. जठरातलं आम्ल वर येतं, हे आपल्याला छातीतल्या जळजळीमुळे कळतं. पण कित्येकांना जळजळ होतच नाही. आम्ल घशापर्यंत चोरपावलांनी येतं आणि लक्षणं सगळी घशाची दिसतात: सकाळी उठल्यावर आवाज घोगरा, सारखं खाकरावंसं वाटणं, घशात केस अडकल्यासारखी गुदगुली, आडवं झाल्यावर कोरडा खोकला. तेच आम्ल अन्ननलिकेतलं उचकीचं बटणही दाबतं. वर गंमत अशी की, उचकीच्या प्रत्येक झटक्याने पोटातलं आम्ल वर यायला आणखी मदत होते. उचकी आम्लाला बोलावते, आम्ल उचकीला. या फेऱ्यात सापडलेला माणूस घशाच्या गोळ्या चघळत बसतो आणि रात्री साडेदहाला भरपेट जेवून लगेच आडवा होतो.

पोट अचानक तट्ट फुगणं हेही मोठं कारण आहे: घाईघाईने जेवणं, सोडा, बिअर, जेवताना गप्पा आणि त्यातून गिळलेली हवा, अतितिखटावर लगेच थंडगार काही पिणं. लग्नाच्या पंगतीनंतर लागते ती उचकी बहुधा हीच. ती तासाभरात जाते आणि तिच्याविषयी लिहिण्यासारखं फार नाही.

अठ्ठेचाळीस तासांची रेघ

डॉक्टर उचकीची वर्गवारी जोरावर करत नाहीत, काळावर करतात. ४८ तासांच्या आत थांबली तर ती साधी. ४८ तास ओलांडले की ती रेंगाळलेली. महिना ओलांडला की हट्टी. या जातीचा टोकाचा नमुना म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा राज्याचे चार्ल्स ऑसबॉर्न: १९२२ मध्ये लागलेली उचकी १९९० मध्ये थांबली. मधल्या काळात त्यांनी संसार केला, मुलंबाळं झाली. हे उदाहरण मी घाबरवायला देत नाही. हट्टी उचकीतही माणूस जगतो. पण जेवण, झोप आणि वजन यांची वाट लागते.

ही रेघ निसर्गाने आखलेली नाही, सोयीसाठी माणसांनी आखली आहे. पण तिच्यामागे अनुभव आहे. दोन दिवसांच्या आतल्या उचकीत शोधून सहसा काही सापडत नाही. दोन दिवसांनंतरच्या उचकीत शोधलं तर बऱ्याचदा सापडतं. मधूनमधून थांबून पुन्हा सुरू होणारी उचकीही यात धरायची. "काल दुपारी दोन तास नव्हती" म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही.

मोठी आणि किरकोळ उचकी वेगळी काढण्याचं हे शहाणपण जुनंच आहे. चरकसंहितेत हिक्केचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांत अन्नजा म्हणजे खाण्यापिण्यातून येणारी, क्षुद्रा म्हणजे हलकी, आणि महाहिक्का व गंभीरा म्हणजे जिवावर बेतणाऱ्या. उपाय सोडा, पण वैद्याने आधी 'ही कुठली' असं विचारायचं असतं, हे तिथेही आहेच.

एक रुग्ण, पहिल्यापासून

दोन-तीन रुग्णांच्या हकिकती एकत्र करून एक माणूस उभा करतो. वय ५७, किराणा दुकान, रक्तदाबाची गोळी चालू, तंबाखू दहा वर्षांपूर्वी सोडलेला. पाचव्या दिवशी आले. उचकी मिनिटाला पंधरा-सोळा, बोलताना वाक्य तुटत होतं. सोबत आलेल्या वहिनी म्हणाल्या, "आधी घसा धरला, मग उचकी लागली. घशाचंच काहीतरी बघा."

मी तारखा लिहून घेतल्या. शुक्रवारी घसा खवखवायला लागला. शनिवारी यांनी मेडिकलमधून 'घशाच्या गोळ्या' आणल्या. रविवारी घसा बराच बरा. सोमवारी सकाळी उचकी सुरू. म्हणजे उचकी लागली ती घसा सुधारत असताना. हे वाकडं होतं. घसा कारण असता तर तो सर्वांत वाईट असताना उचकी लागायला हवी होती.

गोळ्यांची पाकिटं मागवली. एक प्रतिजैविक होतं, ॲझिथ्रोमायसिन. दुसरी छोटी गोळी डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. सूज झटकन उतरवते म्हणून ती अनेकदा विनाकारण दिली जाते. हे स्टेरॉइड उचकीचं कुप्रसिद्ध कारण आहे, विशेषतः पुरुषांमध्ये. गोळी सुरू केल्यावर एक-दोन दिवसांत उचकी लागते. कमरेच्या मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतल्यावरही लागते. ॲझिथ्रोमायसिनचं नावही या यादीत येतं, पण खूप खाली. वर हे स्टेरॉइड रिकाम्या पोटी चाललं होतं, त्यामुळे आम्लही वाढलेलं असणार.

दोषी सापडला म्हणून इथेच थांबणं चूक ठरलं असतं. साठीच्या आसपासच्या, पूर्वी तंबाखू खाणाऱ्या माणसाला पाच दिवसांची उचकी असेल तर बाकीची बटणंही बघायची. म्हणून विचारलं: घास अडकतो का? नाही. वजन उतरलं का? नाही. ताप? नाही. छातीत, जबड्यात, खांद्यात दुखतं? नाही. चक्कर, तोल जाणं, दोन-दोन दिसणं? नाही. लघवी कमी, पायाला सूज? नाही. दारू? "सणासुदीला." मग कान पाहिले, घसा पाहिला, गळा चाचपला. छातीच्या तळाला नळी लावून ऐकलं, कारण फुप्फुसाच्या खालच्या टोकाचा न्यूमोनिया श्वासपटलाला चिकटून असतो. उजव्या बरगड्यांखाली दाबून पाहिलं, कारण यकृतात पू झाला तर तोही पडद्याला टोचतो, आणि सोबत ताप असतो. डोळे मिटून उभं केलं, सरळ रेषेत चालवलं, पाणी पाजून पाहिलं.

तपासण्याही फार नाहीत. रक्तात पेशींची संख्या, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, साखर, यकृताची चाचणी. एक ईसीजी, छातीचा एक एक्स-रे. सगळं ठीक आलं. स्टेरॉइड जेमतेम आठवडाभर झालं होतं, तेही विनाकारण, तेव्हा लगेच थांबवलं. आम्लाची गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी, रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी. दुसऱ्या दिवशी उचकी तुरळक झाली, तिसऱ्या दिवशी गेली. वहिनींचं मत अजूनही आहे की घसा बरा झाला म्हणून गेली.

एक सूचना इथेच: दमा, संधिवात वगैरेंसाठी महिनोन्महिने स्टेरॉइड घेणाऱ्यांनी ते स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नये, त्याने जीव धोक्यात येतो. डॉक्टर दुसरं स्टेरॉइड देऊन पाहू शकतात. नुसतं औषध बदलल्यावर उचकी गेल्याचे अनुभव आहेत. स्टेरॉइडशिवाय कर्करोगाची काही औषधं, गुंगीची आणि झोपेची काही औषधं, तीव्र वेदनाशामकं यांनीही उचकी लागते. म्हणून दवाखान्यात येताना पाकिटं सोबत आणा. 'पांढरी छोटी गोळी' या वर्णनात निम्मं औषधशास्त्र बसतं.

"पण पाणी प्यायलं की थांबते हो"

थांबते, आणि त्यात अंधश्रद्धा नाही. श्वास रोखून सात घोट पाणी पिणं, थंड पाण्याने गुळण्या, चमचाभर कोरडी साखर जिभेवर घेऊन गिळणं, जीभ हळूच बाहेर ओढणं: हे सगळे उपाय त्याच वायरवर वेगळी टोचणी देऊन जुना संदेश मोडतात. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि झटके कमी होतात. साखरेवर तर १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छोटं टिपण आलं होतं: २० जणांना कोरडी साखर दिली, १९ जणांची उचकी थांबली. वीस माणसं म्हणजे पुरावा फार नाही, पण साखर घरात असतेच. मधुमेह असेल तर साखरेऐवजी श्वास रोखा. डोळ्यांची बुबुळं दाबण्याचा जुना उपाय मात्र करू नका. डोळ्याला इजा होते आणि हृदयाचे ठोके धोकादायक मंदावू शकतात.

या उपायांनी बेल थोडा वेळ गप्प बसते. अडकलेलं बटण तसंच असेल तर दहा मिनिटांनी पुन्हा वाजते. दिवसातून पाच वेळा पाण्याने थांबणारी आणि पाच वेळा परत येणारी उचकी थांबलेली नसते.

आठवणीचं म्हणाल, तर 'कोण आठवण काढतंय' म्हणून एकेक नाव घेणं हा उपाय मला आवडतो. नाव आठवण्यात, बोलण्यात श्वास आपोआप लांबतो, आणि लक्ष दुसरीकडे जातं. बरोबर नावाला उचकी थांबली असं वाटतं, पण तोवर ती थांबायची वेळ झालेली असते. पाचव्या दिवशी मात्र नावं संपलेली असतात.

"झोपेत थांबते, म्हणजे मनाचंच असेल"

उलट बाजूने हे बऱ्यापैकी खरं आहे: गाढ झोपेतही चालणारी उचकी बहुधा शारीरिक कारणाची असते. पण झोपेत थांबली म्हणून ती मनाची, असं म्हणता येत नाही. शारीरिक कारणाची उचकीही कित्येकांची झोपेत मंदावते. मानसिक ताण हे कारण सगळं तपासून झाल्यावर, शेवटी लिहायचं असतं. घरच्यांनी ते पहिल्याच दिवशी लिहू नये.

खवखव आणि अडकणं

घशाच्या तक्रारीचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि रुग्ण दोन्हींना 'घशात कसंतरी होतंय' असंच म्हणतो. खवखव म्हणजे गुदगुली, खाकरावंसं वाटणं. पण भाकरी खाली जाते, पाणी खाली जातं. अडकणं म्हणजे गिळण्यातच अडचण. सोबत उचकी असेल तर हा फरक फार मोलाचा ठरतो.

घास छातीच्या मागे थांबतो, पाण्याने ढकलावा लागतो, आधी भाकरी मग भात अडकायला लागला, वजन उतरतंय: इथे अन्ननलिकेत गाठ नाही ना, हे दुर्बिणीने पाहायलाच हवं. तंबाखू-दारू असेल तर त्याच आठवड्यात.

पाणी गिळताना ठसका लागतो, ते नाकातून परत येतं, आवाज एकाएकी घोगरा किंवा गेंगाणा झाला, सोबत गरगरतं, तोल एका बाजूला जातो, चेहऱ्याची एक बाजू बधिर आणि अंगाची दुसरी बाजू बधिर: इथे बेलची पेटी बिघडली आहे. मेंदूच्या देठाच्या कडेला रक्तपुरवठा थांबला की नेमकी ही लक्षणं येतात आणि उचकी त्यांतलंच एक असतं. यात हातपाय लुळे पडतीलच असं नाही, त्यामुळे 'पक्षाघात' हा शब्द कुणाच्या मनात येत नाही. घसा धरला समजून माणूस गुळण्या करत राहतो. अशा वेळी ॲम्ब्युलन्स बोलवायची आणि लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली ते सांगायचं. सुरुवातीच्या साडेचार तासांत रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध देता येण्याची शक्यता असते.

"एंडोस्कोपी तर नॉर्मल आली"

दुर्बीण नॉर्मल म्हणजे अन्ननलिका आणि जठर नॉर्मल. बाकीची बटणं, वायर, पेटी आणि व्होल्टेज अजून उरलेलं असतं.

एक आजार इथे हमखास निसटतो. तरुण वयात, जास्त करून स्त्रियांमध्ये, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर हल्ला करते आणि मेंदूच्या देठातलं उलटीचं केंद्र सुजतं. मग दिवसचे दिवस उचकी, मळमळ आणि उलट्या. पोटाच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. रुग्ण पोटाच्या डॉक्टरांकडे जातो, दुर्बीण होते, काही सापडत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत उचकी आपोआप जाते. सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. काही महिन्यांनी एका डोळ्याची दृष्टी जाते किंवा पायांतली ताकद जाते, आणि मग मागच्या उचकीचा अर्थ लागतो. मेंदूचा एमआरआय आणि रक्ताची एक विशिष्ट चाचणी यांनी हा आजार आधीच पकडता येतो आणि पुढचे झटके टाळण्याची औषधं आहेत. म्हणून ४८ तासांहून जास्त उचकी, सोबत कारण न सापडणाऱ्या उलट्या, आणि पोट निर्दोष, असं गणित जुळलं की मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं.

ज्येष्ठांत आणि मधुमेह्यांत हृदयाचंही लक्षात ठेवायचं. हृदयाचा तळ श्वासपटलावर टेकलेला असतो. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता, नुसती उचकी, मळमळ आणि घाम घेऊन येऊ शकतो. ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात. आणि पोट फुगलं आहे, हिरवट उलट्या होतात, वारा सरत नाही, सोबत उचकी, हे बोल्सोनारोंचंच प्रकरण. रात्र काढायची नाही.

औषधं, आणि मूत्रपिंडाचा एक इशारा

कारण सापडलं तर उपचार कारणावर. सापडलं नाही किंवा त्याला वेळ लागणार असेल तर उचकी दाबणारी औषधं आहेत. आम्लाची गोळी बहुधा पहिली. मग बॅक्लोफेन, गॅबापेन्टिन, मेटोक्लोप्रामाइड यांतलं काहीतरी. क्लोरप्रोमाझिन हे सर्वांत जुनं, पण त्याने गुंगी येते आणि रक्तदाब घसरतो. ज्येष्ठ माणूस रात्री लघवीला उठताना पडू शकतो. ही औषधं चिठ्ठीशिवाय आणायची नाहीत. याचं सर्वांत ठळक कारण बॅक्लोफेन.

बॅक्लोफेन शरीराबाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडं करतात. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत त्यांच्यात ते साठतं, आणि एक-दोन दिवसांच्या नेहमीच्या मात्रेनेसुद्धा माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, शुद्ध हरपतो. आता दुर्दैव बघा: मूत्रपिंडं थकणं हेच उचकीचं एक मोठं कारण. म्हणजे उचकी ज्यांना लागण्याची शक्यता जास्त, त्यांनाच तिचं लोकप्रिय औषध विषारी. म्हणून क्रिएटिनिन तपासल्याशिवाय ही गोळी नाही. 'शेजारच्यांना याच गोळीने गुण आला' हे इथे चालत नाही.

याच रुग्णांसाठी आणखी एक गोष्ट आपल्या किनारपट्टीवर सांगायलाच हवी. कमरख, गोव्यात ज्याला करमल म्हणतात, आडवं कापलं की चांदणीसारख्या चकत्या पडणारं ते आंबट फळ. लोणच्यात, मीठ-मसाला लावून, सरबतात जातं. निरोगी माणसाला त्याने सहसा काही होत नाही. पण त्यात असं एक द्रव्य असतं जे मेंदूला उत्तेजित करतं, आणि ते बाहेर टाकायला मूत्रपिंडं लागतात. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ते वेगळं काढलं आणि कॅरॅम्बॉक्सिन असं नाव दिलं. डायलिसिसवरच्या किंवा थकलेल्या मूत्रपिंडांच्या माणसाने हे फळ खाल्लं तर काही तासांत न थांबणारी उचकी लागते. बहुधा तीच पहिली खूण असते. नंतर उलट्या, गोंधळ, आकडी, आणि मृत्यूही झालेले आहेत. अशा माणसाला कमरख खाल्ल्यानंतर उचकी लागली, तर ४८ तासांचा नियम विसरून जायचा. त्याच तासाला डायलिसिस केंद्राला फोन करायचा, आणि काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं हे पहिल्या वाक्यात सांगायचं.